'अर्धपिंड': यातला अर्धा कोणता?

रानवारा: द्रवगतिशास्त्राच्या टिपणांत 'रँकिनचा अर्धपिंड' असा शब्द आलाय. एकसारख्या प्रवाहात एक उगम, म्हणजे चहूकडे पाणी सोडणारा बिंदू, मिळवला की पिंड तयार होतो म्हणे. पण पिंड ठेवलाच नाही, तर तो आला कुठून? आणि अर्धा का?

भाऊसाहेब: सोपं आहे. आकृतीत मधल्या रेषेच्या वरचाच भाग काढतात, म्हणून अर्धा.

जुना मास्तर: वरखाली सारखेपणा आहे हे खरं, पण नाव त्यावरून नाही. पिंडाला पुढचं टोक आहे, मागचं नाही. मागे तो उघडाच राहतो. आकडे घेऊ. प्रवाह डावीकडून 2 मीटर प्रतिसेकंद. उगमातून दर मीटर खोलीमागे सेकंदाला 4 घनमीटर पाणी चहूकडे निघतं. उगमाच्या समोर साधारण 32 सेंटिमीटरवर दोन्ही वेग एकमेकांना मारतात, पाणी थांबतं. तिथून जी रेषा दोन्ही बाजूंना फाकते, तिच्या आत उगमाचं पाणी आणि बाहेर प्रवाहाचं. ती कुणीच ओलांडत नाही, म्हणून तिच्या जागी भिंत कल्पिली तरी बाहेरच्या पाण्याला फरक पडत नाही. हाच पिंड.

रानवारा: मग रुंदी किती?

जुना मास्तर: खूप मागे गेल्यावर आतलं पाणीही 2 च्याच वेगाने चालतं. सेकंदाला 4 घनमीटर वाहून न्यायचं तर 2 मीटर रुंदी लागणारच. उगमाच्या रेषेत ती बरोबर 1 मीटर भरते. मागे उगमाइतकंच पाणी गिळणारा शोषक ठेवा, पिंड मिटून लंबगोल होईल.

भाऊसाहेब: पुलाच्या खांबाला हेच लावता येईल की!

जुना मास्तर: नाकाडापुरतं. बाजूला वेग वाढून 2.5 च्या आसपास जातो, तिथे दाब घटतो. हे प्रत्यक्षाशी बरं जुळतं. पण या गणितात पाणी भिंतीला घासतच नाही. खऱ्या खांबामागे प्रवाह सुटतो, भोवरे होतात. ते यातून कधीच दिसणार नाहीत.

विहीरवाला: आम्ही बोअरमध्ये छपराचं पावसाचं पाणी सोडतो. ते जमिनीत असंच पसरत असेल का?

रानवारा: अहो, इथे शब्दाचं चाललंय.

जुना मास्तर: असू दे, प्रश्न नेमका आहे. थर सगळीकडे सारखा असेल आणि भूजल एका दिशेने सरकत असेल, तर सोडलेलं पाणी अशाच आकारात उताराकडे जातं. उपसत असाल तर चित्र उलटं, उघडी बाजू वरच्या अंगाला. आपल्या काळ्या दगडात मात्र पाणी भेगांतून जातं, तिथे मी पैज लावणार नाही.

भाऊसाहेब: मग 'अर्ध' चुकीचंच. 'उघडा पिंड' म्हणा.

रानवारा: ऐकायला बरं वाटतं, पण परीक्षेत कोण मार्क देणार?