एक्स-डेटचा वीस रुपयांचा हिशेब

"शेअर आदल्या दिवशी घ्यायचा, एक्स-डेटला विकायचा, वीस रुपये लाभांश फुकट."

ही युक्ती ऐकायला सोपी. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही तो दिवस. त्या दिवशी भाव साधारण लाभांशाएवढाच उतरतो, पण खरी मेख करात आहे. ५०० चे १०० शेअर घेतले, एक्स-डेटला ४८० ला विकले असं धरा. लाभांश २,००० आणि तोटाही २,०००, म्हणजे बरोबरी वाटते. पण २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट ६२४ रुपये गेले. तोटा मात्र भांडवली, तो लाभांशातून वजा होत नाही. दुसरीकडे शेअरवरचा अल्पकालीन नफा असेल तर त्यावरचे ४१६ वाचतात, दीर्घकालीन असेल तर त्याहून कमी, आणि कुठलाच भांडवली नफा नसेल तर तोटा पुढे ओढत न्यायचा. वर एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, खरेदी-विक्री दोन्ही बाजूंचा मिळून ९८ रुपये. स्टँप ड्यूटी आणि विकताना डिमॅट खात्यावर लागणारा डीपी चार्ज वेगळे.

आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावरचे एक काका म्हणतात, "थांबलं की भाव भरून येतो." येतो कधीकधी, पण तो बाजार चढला म्हणून. एक्स-डेटनंतर ४८० ला घेणाऱ्यालाही तीच चढण मिळते, आणि लाभांशावरचा कर त्याला भरावा लागत नाही.