फ्रिज घ्यायचाय, हिशेब तपासून द्याल का?

आम्ही चौघं. जुना 190 लिटरचा सिंगल डोअर आहे, त्यात आठवड्याची भाजी मावत नाही. दर दहा दिवसांनी बर्फाचा थर चढला की बटण दाबून डीफ्रॉस्ट करायचं आणि खालचा ट्रे ओतायचा, याचा आईला फार त्रास होतो. म्हणून 240 लिटरचा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर ठरलाय.

अडलंय स्टारवर. दोन्ही मॉडेल्समध्ये इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे. टू स्टार 25,500 ला, लेबलवर वर्षाला 230 युनिट. थ्री स्टार 29,500 ला, 190 युनिट. आमच्या बिलात युनिट साधारण 12 रुपयांना पडतं. म्हणजे वर्षाला 40 युनिट, 480 रुपये वाचणार. जास्तीचे 4,000 फिटायला आठ वर्षं! मला तरी टू स्टारच बरा वाटतो.

पण लेबलवरचे युनिट दार बंद ठेवून मोजलेले असतात. आमच्याकडे दार दिवसातून पन्नासदा उघडतं, उन्हाळाही कडक. कुणी सबमीटर लावून प्रत्यक्ष युनिट मोजलेत का? आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं पीसीबी कार्ड वॉरंटीत किती वर्षं धरतात? दुकानदार फक्त ‘कॉम्प्रेसर दहा वर्षं’ एवढंच सांगतो. रविवारी घ्यायचाय, कृपया सांगा.