शब्दचर्चा : ‘र.व.’ म्हणजे रसवह की रक्तवह?

प्रश्नकर्ती

माझ्या आत्याने आयुर्वेदाच्या पदवीचे शिक्षण घेताना, १९७८ च्या सुमारास, वर्गात उतरवून घेतलेली टिपणे एका वहीत आहेत. वही गावी आहे आणि भावाने तिच्या काही पानांची छायाचित्रे काढून मला पाठवली आहेत. त्यांतील संक्षेप पूर्ण शब्दांत लिहून स्वच्छ प्रत करावी, असे मी ठरवले आहे. आत्याला सगळे विचारता आले असते, परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला फार वेळ वाचवत नाही आणि फोनवर ती दहा-पंधरा मिनिटांत थकते. त्यामुळे आपण स्वतः लावू शकतो ते आधी लावावे आणि उरलेल्या तर्कांची छोटी यादी तिच्यापुढे ठेवावी, असा माझा विचार आहे. मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी नाही. पुढील चार ओळींवर मी अडले आहे.

(१) र.व. स्रो. – मू. हृ. + १० ध. (च.वि.५)
(२) र.व. – य., प्ली., र.वा.ध. (सु.शा.९) ड.
(३) यष्टी – गु. गु. स्नि., र. म., वि. म., वी. शी.
(४) पा. मते र. = प्लाझ्मा

पहिल्या ओळीतील ‘वि.’ हे अक्षर छायाचित्रात ‘नि.’ असेही वाचता येते. दुसऱ्या ओळीतील ‘ड.’ कदाचित ‘उ.’ असेल. मी आतापर्यंत ‘र.’ म्हणजे रक्त असे धरून चालले आहे.

आयुर्वेदाचा विद्यार्थी, तिसरे वर्ष

‘च.’ म्हणजे चरकसंहिता, ‘सु.’ म्हणजे सुश्रुतसंहिता, ‘वि.’ म्हणजे विमानस्थान आणि ‘शा.’ म्हणजे शारीरस्थान. आम्ही आजही असेच लिहितो. सात धातूंच्या क्रमात रस पहिला येतो, म्हणून ‘र.’ म्हणजे रस. आपण एक तक्ता करावा, प्रत्येक संक्षेपासमोर एकच पूर्ण शब्द लिहावा आणि तोच सगळीकडे घालावा, म्हणजे काम एका दिवसात होईल.

प्रश्नकर्ती

तिसऱ्या ओळीत मात्र ‘वि. म.’ आहे. तेथे विमानस्थान कसे बसवावे, हे मला कळत नाही.

निवृत्त अध्यापिका, संहिता विषय

तेथे विमानस्थान बसणार नाही, आणि एका संक्षेपाला एकच अर्थ देणारा तक्ता या वहीला चालणार नाही. संदर्भाच्या कंसातील ‘वि.’ विमानस्थान आहे, हे विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर आहे. मात्र द्रव्याच्या वर्णनातील ‘वि.’ विपाक, म्हणजे पचनानंतरचा रस, असतो. तिसरी ओळ ज्येष्ठमधाची आहे. ती अशी वाचावी : यष्टीमधु, गुण गुरू, स्निग्ध, रस मधुर, विपाक मधुर, वीर्य शीत. म्हणजे ‘गु. गु.’ ही दोनदा झालेली चूक नाही, पहिला ‘गु.’ गुण आहे आणि दुसरा गुरू. याच ओळीत ‘र.’ म्हणजे जिभेला कळणारा रस, चव. तो शरीरातील रसधातू नव्हे.

आता पहिली ओळ पाहू. ‘र.व. स्रो.’ म्हणजे रसवह स्रोतस किंवा रक्तवह स्रोतस, म्हणजे शरीरात रस किंवा रक्त वाहून नेणारा मार्ग. केवळ अक्षरांकडे पाहून हे ठरत नाही, पुढे काय लिहिले आहे त्यावरून ठरते. चरकाने विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात, म्हणजे स्रोतोविमानात, रसवह स्रोतसांचे मूळ हृदय आणि दहा धमन्या असे सांगितले आहे. वहीत ‘हृ.’ आहे, दहाचा आकडा आहे आणि ‘ध.’ आहे, तेव्हा येथे रसवहच. याच पुराव्याने ‘वि.’ की ‘नि.’ हा प्रश्नही सुटतो. चरकाचे निदानस्थान आणि विमानस्थान दोन्ही आठ-आठ अध्यायांची आहेत, त्यामुळे पाच हा आकडा दोन्हीकडे बसतो आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. परंतु निदानस्थानाचा पाचवा अध्याय कुष्ठाचा आहे आणि तेथे हृदय व दहा धमन्या यांचे काम नाही. संदर्भात ‘सु.’ असता, तर प्रश्न उद्भवलाच नसता, कारण सुश्रुतसंहितेत विमानस्थान नाही.

दुसऱ्या ओळीत यकृत आणि प्लीहा आले आहेत, म्हणून तेथील ‘र.व.’ रक्तवह आहे. सुश्रुताने शारीरस्थानाच्या नवव्या अध्यायात यकृत, प्लीहा आणि रक्तवाहिनी धमन्या हे रक्तवह स्रोतसांचे मूळ सांगितले आहे. येथे एक धोका लक्षात ठेवावा. त्याच अध्यायात रसवहांचे मूळ सांगताना हृदयासोबत रसवाहिनी धमन्या आल्या आहेत. दोन्हींचा संक्षेप ‘र.वा.ध.’ असाच होईल. म्हणून हा तुकडा सुटा वाचू नये, शेजारी ‘य.’ आणि ‘प्ली.’ आहेत की ‘हृ.’ आहे, ते आधी पाहावे.

महसूल खात्यातून निवृत्त

आमच्याकडे सातबाऱ्यावर ‘पो.ख.’ असे येते. ते पोटखराबा. नवीन मंडळी त्याचा अर्थ काहीही लावतात. शासनाने अशा सर्व संक्षेपांची अधिकृत सूची केली पाहिजे. ताईंनी आपल्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात चौकशी करावी, तेथे जुने जाणकार भेटतात.

प्रश्नकर्ती

आपण सुचवल्याबद्दल आभार. मात्र ही वही खाजगी आहे आणि तिच्यातील संक्षेप आत्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेले आहेत. त्यांची सूची आत्याशिवाय कोणाकडे असणार नाही.

निवृत्त अध्यापिका

तरीही त्यांच्या उदाहरणात एक कामाची गोष्ट आहे. पोटखराबा हा शब्द सातबाऱ्यावर ठरावीक रकान्यात येतो आणि तो रकानाच अर्थ सांगतो. वहीतील रकाना म्हणजे त्या पानाचा विषय. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचा विषय आधी उतरवून घ्यावा आणि मगच संक्षेप सोडवावेत. ‘नि. पू. रू. उ. सं.’ अशी ओळ आढळली, तर ती निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती यांची आहे आणि तेथील ‘सं.’ म्हणजे संहिता नव्हे.

मुद्रितशोधक

मला वैद्यक कळत नाही. छायाचित्र आणि अक्षर यांविषयी तीन गोष्टी सांगतो.

पातळ कागदावर मागच्या पानाची शाई उमटते आणि तिचा ठिपका संक्षेपाच्या बिंदूसारखा दिसतो. भावाला पानामागे काळा कागद ठेवून पुन्हा छायाचित्र घ्यायला सांगावे, म्हणजे मागची शाई दिसेनाशी होते. प्रकाश एका बाजूने तिरका पडावा. लेखणीचा दाब त्यात उठून दिसतो.

जुन्या पिढीतील लोक संक्षेपासाठी बिंदूऐवजी लहान वर्तुळ, म्हणजे लाघवचिन्ह, काढत असत. आपल्या चार ओळींत बिंदू आहेत. पुढच्या पानांवर आत्यांनी वर्तुळ काढले असेल, तर ‘वि०५’ मधील वर्तुळ शून्याचा अंक समजले जाण्याचा संभव आहे. टंकित करताना संगणकावर या चिन्हासाठी अंकातील शून्य वापरू नये. बिंदूच घालावा, नाहीतर पुढे प्रत शोधताना अडचण येईल.

तिसरी गोष्ट प्रतीची आहे. मूळ संक्षेप पुसू नये. ‘र[स]व[ह] स्रो[तस]’ असे चौकटी कंसात भरावे आणि तर्क असेल तेथे कंसातच प्रश्नचिन्ह ठेवावे. खात्रीचा आणि तर्काचा शब्द एकाच टायपात छापले गेले, तर चार महिन्यांनी आपल्यालाही फरक सांगता येणार नाही.

विद्यार्थी

तक्त्याविषयी मी घाई केली, हे मान्य. ‘ड.’ बद्दल माझे मत असे आहे, की तो ‘ड.’ असावा, ‘उ.’ नसावा, कारण सुश्रुतावरील डल्हणाच्या टीकेचा संदर्भ आम्ही असाच लिहितो.

निवृत्त अध्यापिका

हे पटते. सुश्रुताच्या संदर्भाला लागून डल्हण येणे स्वाभाविक आहे. हेच अक्षर पहिल्या ओळीत, चरकासोबत असते, तर मी शंका घेतली असती, तेथे ‘चक्र.’, म्हणजे चक्रपाणी अपेक्षित असते. तरी हा तर्कच आहे, तो यादीत ठेवावा.

चौथी ओळ मात्र मी जपून वाचते. ‘पा. मते’ म्हणजे पाश्चात्त्य मते, असे मला लगेच सुचले. परंतु तसे लिहिले, तर रसधातू म्हणजे प्लाझ्मा, हे पाश्चात्त्य वैद्यकाचे मत ठरते, आणि पाश्चात्त्य वैद्यक रसधातूविषयी काही म्हणतच नाही. दोहोंची तुलना आयुर्वेदाच्या अध्यापकाने केलेली असू शकते. चुकीच्या विस्ताराने येथे शब्दच नव्हे, तर मत कोणाचे तेही बदलते.

प्रश्नकर्ती

आत्याला विचारण्यासाठी मी पुढील यादी केली आहे. ज्यांचे उत्तर तिच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, ते प्रश्न ती ताजीतवानी असतानाच विचारता यावेत म्हणून वर घेतले आहेत.

– ‘पा. मते’ : पाश्चात्त्य मते? पाठभेदाच्या मते? की एखाद्या व्यक्तीचे नाव? येथे मी तिला पर्याय आधी सुचवणार नाही; ‘हे काय लिहिलंस?’ एवढेच विचारीन.
– सुश्रुताच्या ओळीतील ‘ड.’ : डल्हण? जवळजवळ नक्की.
– सातव्या पानावर ‘र. ९ अं., र. ८ अं.’ : पहिला रस, दुसरा रक्त? आणि ‘अं.’ म्हणजे अंजली की अंगुळे?
– अकराव्या पानाच्या कोपऱ्यात ‘...व. १३’ : आधीचे अक्षर छायाचित्रात कापले गेले आहे. तर्क नाही.

निवृत्त अध्यापिका

तिसरा प्रश्न आत्यांना विचारण्याची गरज नाही. चरकाच्या शारीरस्थानातील सातव्या अध्यायात शरीरातील द्रवांची मापे अंजलीत दिली आहेत आणि त्यांत रस नऊ अंजली व रक्त आठ अंजली आहे. द्रव अंगुळांनी मोजत नाहीत. प्रश्न एकाने कमी झाला.

प्रश्नकर्ती (तीन दिवसांनी)

आत्याशी बोलणे झाले. ‘पा.’ हे तिला शरीरक्रिया शिकवणाऱ्या सरांच्या आडनावाचे पहिले अक्षर आहे. वर्गात ते प्लाझ्माचा उल्लेख करत आणि ‘हे माझं मत आहे, परीक्षेत लिहू नका’ असेही सांगत, म्हणून तिने त्यांचे अक्षर वेगळे नोंदवले होते. मी ‘पाश्चात्त्य’ घातले असते, तर ती नोंद कायमची पुसली गेली असती. प्रतीत मी ‘पा. [अध्यापकांचे आद्याक्षर] मते’ असे ठेवले आहे.

‘ड.’ म्हणजे डल्हणच.

दुसऱ्या ओळीविषयी तिने आपणहून सांगितले, की चरकात त्याच स्रोतसांना शोणितवह म्हटले आहे. वर्गात मात्र दोन्ही ग्रंथांसाठी रक्तवहच म्हणत. तेव्हा एका पानावर चरकाच्या संदर्भासोबत ‘र.व. – य., प्ली.’ असे आहे, तेथे मी कोणता शब्द भरावा?

विद्यार्थी

ग्रंथातला शब्द शोणितवह आहे, तोच लिहावा.

मुद्रितशोधक

वहीत ‘र.’ आहे, ‘शो.’ नाही. तिने जे लिहिले त्याचाच विस्तार करायचा आहे. रक्तवह लिहावे आणि ग्रंथातील शब्द तळटीपेत द्यावा.

निवृत्त अध्यापिका

माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. प्रत आत्यांच्या आठवणीसाठी असेल, तर मुद्रितशोधकांचे बरोबर; ती पुढे विद्यार्थी वापरणार असतील, तर चरकाच्या नावापुढे चरकाचा शब्द नसणे मला खटकेल.

प्रश्नकर्ती

सध्या रक्तवह लिहून तळटीप दिली आहे. अकराव्या पानाचा कोपरा आत्यालाही आठवला नाही. भाऊ पुढच्या महिन्यात गावी जाईल तेव्हा काळा कागद सोबत नेणार आहे, तोपर्यंत ‘[?]व. १३’ असेच राहील.