मदत हवी आहे: ४के टीव्हीवर ६० हर्ट्झ ठेवल्यावर लाल अक्षरे पुसट का होतात?

धागाकर्ता (अमळनेर)
नमस्कार. माझा लग्नपत्रिका छपाईचा व्यवसाय आहे. ग्राहकांना प्रूफ मोठे दिसावे म्हणून भिंतीवर ४३ इंची ४के टीव्ही बसवला असून तो काउंटरवरच्या संगणकाला १० मीटर लांबीच्या एचडीएमआय केबलने जोडला आहे. राणी रंगाच्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे असली, तर अनुस्वार आणि रफार जवळजवळ नाहीसे होतात. पांढऱ्यावरची काळी अक्षरे मात्र ठसठशीत दिसतात. ३० हर्ट्झवर सर्व स्वच्छ दिसते, पण माउस अडखळत सरकतो. विंडोजच्या `Advanced display` पानावर ६० हर्ट्झला `YCbCr420`, तर ३० हर्ट्झला `RGB` असे येते. दोन्ही वेळा `8-bit` दिसते. हा फरक कशामुळे पडतो?

भुसावळकर
दादा, केबल हलकी आहे. १८ गिगाबिटची प्रमाणित केबल घ्या, रंग आपोआप सुधारतील.

तापीकाठ
माझ्या टीव्हीवर ६० हर्ट्झ आणि ४:२:० असूनही चित्रपट उत्तम दिसतात, त्यामुळे हा दोष त्या सेटिंगचा नसावा. आपण टीव्हीचा शार्पनेस वाढवून पाहावा.

धुळ्याचा तंत्रज्ञ
तापीकाठ, चित्रपटांबाबत आपले निरीक्षण बरोबर आहे, कारण ब्ल्यू-रेवरचा चित्रपट मुळातच ४:२:० मध्ये साठवलेला असतो. तिथे गमावण्यासारखे काही उरलेले नसते. प्रश्न संगणकावरच्या अक्षरांचा आहे.

४:२:० मध्ये प्रत्येक पिक्सेलचा उजेड स्वतंत्र जातो, पण शेजारच्या चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद मिळते. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराचा आकार उजेडातच असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. राणी आणि लाल हे रंग उजेडाने जवळजवळ सारखे आहेत, त्यांच्यात फरक आहे तो मुख्यतः निळ्या अंशाचा. म्हणजे आपल्या अनुस्वाराचा आकार केवळ रंगाच्या नोंदीत होता आणि तीच नोंद चार पिक्सेलांत वाटली गेली.

आता संगणक हे का करतो ते पाहू. ४के, ६० हर्ट्झ, ८ बिट `RGB` यासाठी केबलमधून सेकंदाला १७.८२ गिगाबिट जावे लागतात. ३० हर्ट्झला त्याच्या निम्मे, म्हणजे ८.९१ पुरतात, आणि ६० हर्ट्झला ४:२:० केले तरीही नेमके ८.९१ च लागतात. आपल्याकडे हे दोनच पर्याय चालतात, त्यावरून वाटेत कुठेतरी जुनी १०.२ गिगाबिटची मर्यादा लागू असल्याचे मला दिसते.

ती मर्यादा बहुधा केबलची नाही. साधी केबल आपली क्षमता संगणकाला कळवत नाही. ती कमी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जाते, रंग मात्र असे पुसट होत नाहीत. अनेक टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी सिग्नलची वेगळी सेटिंग असते आणि ती कारखान्यातून खालच्या पातळीवर ठेवलेली असते, त्यामुळे टीव्ही संगणकाला ६० हर्ट्झसाठी फक्त ४:२:० चालेल असे सांगतो. ती वाढवून पाहा. तरीही `RGB` आले नाही, तर संगणकाचे पोर्टच जुने आहे असे समजावे.

धागाकर्ता
मनापासून आभार. टीव्हीची सेटिंग बदलताच ६० हर्ट्झला `RGB` आले आणि रफार स्पष्ट दिसू लागला. मात्र आता तासातून दोन-तीनदा पडदा सेकंदभर काळा होतो. केबलवरचा भार हलका करण्यासाठी ४:२:० ऐवजी मधला ४:२:२ निवडला तर चालेल का? तसेच १० बिट निवडायला गेलो, तर `RGB` जाऊन ४:२:२ येते.

भुसावळकर
केबल बदला, हे मी आधीच लिहिले होते.

धुळ्याचा तंत्रज्ञ
काळ्या पडद्याच्या बाबतीत भुसावळकरांचे म्हणणे आता पटते. आधी केबलमधून ८.९१ गिगाबिटच जात होते, म्हणून तिचा कमकुवतपणा झाकलेला होता. ४:२:२ ने मात्र भार हलका होणार नाही. एचडीएमआयच्या या पिढीत ४:२:२ ला १२ बिटांपर्यंतची जागा ठरलेली असते, त्यामुळे ४के ६० ला तेही १७.८२ च घेते. म्हणजे रंगाची आडवी बारकाई निम्मी जाईल आणि केबलला काडीचाही आराम मिळणार नाही. १० बिट `RGB` ला सुमारे २२.२८ लागतात, ते १८ च्या मर्यादेत बसत नाहीत, म्हणून संगणक ४:२:२ कडे वळतो. १० बिटांचा लाभ आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या छटांमध्ये दिसतो. पत्रिकेच्या अक्षरांसाठी ८ बिट `RGB` च ठेवा, आणि आधी संगणक टीव्हीजवळ नेऊन दोन मीटरच्या केबलने तासभर चालवून पाहा.

धागाकर्ता
दोन मीटरच्या केबलवर दोन तासांत पडदा एकदाही काळा झाला नाही. जुनी केबल प्लास्टरच्या आत आहे, त्यामुळे भिंत फोडण्यापूर्वी विचारतो: १० मीटरवर १८ गिगाबिट विनाखंड चालवणारी केबल येथे कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का?