विस्ताराची बातमी आली म्हणून मेल करावा का?

रॅकवाला_भोसरी
आमचा गोदामातले पॅलेट रॅक बनवण्याचा छोटा कारखाना आहे. भागीदार म्हणतो, एखाद्या कंपनीला फंडिंग मिळालं, नवा प्लांट जाहीर झाला किंवा नवा प्रमुख आला की त्याच दिवशी अभिनंदनाचा मेल गेला पाहिजे. मला ते आगंतुकपणाचं वाटतं. अशी बातमी हे अनोळखी माणसाला लिहिण्याचं पुरेसं कारण आहे का?

खरेदी_विभाग
नाही. मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत परचेसला आहे. आमच्या विस्ताराची बातमी छापून आली त्या आठवड्यात इनबॉक्स उघडवत नव्हता. सगळ्यांची पहिली ओळ 'हार्दिक अभिनंदन' आणि दुसरीत स्वतःच्या कंपनीची स्थापना कधी झाली ते. त्या वेळी आमच्याकडे फक्त जमीन होती. रॅक कुठे बसणार हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, तर कोटेशन मागवायचं कशाचं? मी सगळे मेल न वाचता काढून टाकले आणि आजही तेच करीन.

सेल्स_नाशिक
पण गप्प बसलं तर दुसरा घुसतो. फंडिंग मिळालं म्हणजे खिशात पैसा आला आणि तो खर्च करायची घाईही असते. आणि नवा प्रमुख आला की जुने व्हेंडर बदलतोच. पहिल्या तीन महिन्यांत त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. तेव्हा लगेच लिहावं.

प्रकल्प_चाकण
सेल्स_नाशिक, घाई असते हे खरं, पण ती कुठल्या कामाची हे बघितलं पाहिजे. फंडिंगचा पैसा बहुतेक वेळा आधीच वाटून झालेला असतो. इतका माणसं घ्यायला, इतका मालाला, इतका कर्ज फेडायला. शिवाय बातमी छापून येते तोवर व्यवहार होऊन बरेच दिवस गेलेले असू शकतात. रॅकवाल्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याच्या धंद्यासाठी तीन घटनांपैकी फक्त विस्तारच कामाचा आहे, म्हणून मी तेवढ्यावरच बोलतो.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वर्तमानपत्रावर थांबू नका. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर तिचं मूळ निवेदन वाचा. क्षमता वाढवण्याच्या निवेदनात सेबीच्या नियमानुसार सध्याची क्षमता किती, त्यातली किती वापरात आहे, नवी किती येणार, कधीपर्यंत, खर्च किती आणि पैसा कुठून, हे द्यावं लागतं. तुमच्या कामाचं वाक्य 'कधीपर्यंत' हे आहे.

आता त्या मुदतीतून मागे या. मोठी शेड साधारणपणे आधी उभी राहते, पत्रे चढतात आणि मग आत काँक्रीटची फरशी ओतली जाते. रॅक त्यानंतर. परचेसकडे रॅकची मागणी येईल तेव्हा स्पर्धा फक्त दराची उरलेली असते. पण फरशीची जाडी ठरताना स्ट्रक्चरल कन्सल्टंटला एक आकडा लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे: रॅकच्या एका पायाखाली किती वजन येणार.

उदाहरण घ्या. एक टनाची पॅलेट, एका बीमवर दोन, जमिनीच्या वर चार मजले. म्हणजे एका खणात आठ टन. जमिनीवरच्या पॅलेट थेट फरशीवर बसतात, त्या यात धरायच्या नाहीत. रांगेतल्या मधल्या फ्रेमवर दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा भार येतो, म्हणजे तिलाही आठ टनच. फ्रेमला पाय दोन, तेव्हा एका पायाखाली चार टन, तेही हातभर लांबीरुंदीच्याही नसलेल्या पत्र्याच्या बेसप्लेटवर. दोन रांगा पाठीला पाठ लावून असतील तर शेजारीच दुसऱ्या रांगेचा पाय, त्याच्याखालीही चार टन. 'दर चौरस मीटरला पाच टन' एवढंच धरून ओतलेली फरशी ही जागोजागची टोकं सहन करेल याची खात्री नसते. मग एक तर रॅकची उंची कमी करावी लागते, नाहीतर फरशी फोडून पाया घ्यावा लागतो.

मेल यावर लिहा, चार ओळींत. 'तुमच्या निवेदनात अमुक महिन्यापर्यंत गोदामासह प्लांट सुरू होणार असं आहे. फरशीचं डिझाइन अजून झालं नसेल तर पॅलेटचं वजन आणि मजले कळवा, पायाखालचा भार काढून देतो. ऑर्डर आम्हाला द्या न द्या.' आणि हा मेल परचेसला नको, प्रोजेक्ट हेडला. अभिनंदन वगळा.

खरेदी_विभाग
हा मेल मी काढून टाकला नसता, प्रोजेक्टवाल्यांकडे पाठवला असता. पण त्यामुळे ऑर्डर मिळेल असं समजू नका. आमच्याकडे व्हेंडर नोंदणी, ऑडिट आणि तीन कोटेशन यातून कोणी सुटत नाही. भार काढून देणारा एक आणि ऑर्डर दुसऱ्याला, हे मी पाहिलंय.

प्रकल्प_चाकण
तेही होतं. पण रॅकचं ड्रॉइंग ज्याने दिलं त्याच्याच मापांवर चौकशी निघण्याची शक्यता बरीच. हमी नाही.

बीई_संभाजीनगर
मी शेवटच्या वर्षाला आहे. एका स्टार्टअपला फंडिंग मिळालंय. नोकरीसाठी मेल करायला हीच वेळ योग्य ना?

सेल्स_नाशिक
इथे माल विकण्याबद्दल चाललंय. तरी सांगतो, त्यांनी जागा जाहीर केल्यात का ते आधी बघ. केल्या असतील तर त्या जागेबद्दल लिही, फंडिंगबद्दल नको.

कोल्हापूर_फाउंड्री
नव्या प्रमुखाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आमचे प्लांट हेड अचानक वारले. त्यांच्या जागी आमच्यातल्याच एकांची नेमणूक झाली आणि त्यांनी नोकरीच्या साइटवर आपलं पद बदललं. दोन दिवसांत पंचवीसेक मेल, 'नव्या जबाबदारीबद्दल अभिनंदन, या निमित्ताने आमची उत्पादनं पाहावीत'. ते त्याच खुर्चीत बसून हे वाचत होते. कोणीही एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हापासून ते अशा मेलना उत्तर देत नाहीत, चांगला व्हेंडर असला तरी.

नोंदलेल्या कंपनीत प्रमुख अधिकारी बदलला तर निवेदनात बदलाचं कारण द्यावं लागतं: राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. ते वाचायला दोन मिनिटं लागतात. आमच्यासारख्या खासगी कंपनीत तेही नसतं, म्हणून मी म्हणेन की माणूस बदलला या कारणाने लिहूच नये.

सेल्स_नाशिक
वाचून वाईट वाटलं. तरी 'लिहूच नये' हे मला पटत नाही. आमची दोन मोठी गिऱ्हाइकं नव्या मेंटेनन्स प्रमुखामुळेच मिळाली. जुन्याने आम्हाला दारात उभं केलं नव्हतं. पदाचा उल्लेख न करता थेट कामाचं लिहिलं, एवढंच.

कोल्हापूर_फाउंड्री
मग ते कामाचं पत्र झालं. नेमणुकीचा त्यात संबंध काय राहिला?

सेल्स_नाशिक
कधी लिहायचं ते नेमणुकीवरून ठरलं, हाच संबंध.

रॅकवाला_भोसरी
भाराचं कोष्टक आमच्याकडे तयार आहे, पण ते कोटेशनसोबत पाठवत होतो. आता एक अडचण. आमची निम्मी गिऱ्हाइकं शेअर बाजारात नाहीत. त्यांची शेड कुठवर आली हे कसं कळायचं?

प्रकल्प_चाकण
बहुतेक कारखान्यांना बांधकामाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती लागते आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची. पहिली मिळालीय, दुसरी नाही, म्हणजे काम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. हे अंतर मोठं असतं, त्यामुळे कागदावरून नेमकं कळत नाही. एमआयडीसीत चक्कर मारा. लोखंडी सांगाडा उभा आहे आणि पत्रे चढायचेत, तर त्याच आठवड्यात लिहा. आत फरशी चकाकताना दिसली तर भाराचा मेल पाठवू नका, तेव्हा तो प्रोजेक्ट हेडला टोचेल. तिथे परचेसला साधं कोटेशनच जाऊ द्या.

खरेदी_विभाग
आणि गेटवरून परस्पर फोटो काढू नका. सिक्युरिटीने नाव लिहून घेतलं की तुमचं नाव व्हेंडर यादीत जाणं अवघड होतं.