उपकंपनी, संयुक्त उपक्रम की सहयोगी कंपनी? ठरवायचं कशावरून?

पार्लेकर: एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. मूळ मजकुरात एका मुंबईच्या कंपनीला एके ठिकाणी 'ग्रुप कंपनी' म्हटलंय, दुसरीकडे 'जेव्ही'. मराठीत उपकंपनी लिहू, संयुक्त उपक्रम लिहू की सहयोगी कंपनी? की सरळ 'भगिनी कंपनी' लिहून मोकळा होऊ?

दादरची मीनल: सोपं आहे. ५० टक्क्यांच्या वर उपकंपनी, बरोबर ५० असेल तर संयुक्त उपक्रम, २० ते ५० सहयोगी.

फोर्टमधला सीएस: मीनलताई, २० आणि ५० हे आकडे बरोबर आहेत, पण संयुक्त उपक्रम आकड्यावरून ठरत नाही. महत्त्वाचे निर्णय दोघांच्या संमतीशिवाय होत नसतील आणि कंपनीच्या निव्वळ मालमत्तेवर दोघांचा हक्क असेल, तर तो संयुक्त उपक्रम. टाटा स्टारबक्समध्ये वाटा निम्मा-निम्मा आहे. ती कंपनी संयुक्त उपक्रम ठरते ती निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असतात म्हणून. आणि २०१३च्या कंपनी कायद्यात संयुक्त उपक्रम 'सहयोगी'च्या व्याख्येतच मोडतो. 'भगिनी कंपनी' मात्र लिहू नका. कायद्यात तो शब्दच नाही. बोलताना एकाच पालक कंपनीच्या दोन उपकंपन्यांना लोक तसं म्हणतात, एवढंच.

बोरिवलीचे नाना: मला एका कंपनीत ठेव ठेवायची आहे. एजंट म्हणतो, मोठ्या उद्योगसमूहाची आहे, नावातच समूहाचं नाव आहे. मग पैसे सुरक्षित ना?

फोर्टमधला सीएस: नाना, नावावर जाऊ नका. विक्रोळीचंच बघा. २०२४च्या कौटुंबिक वाटणीनंतर गोदरेज नाव दोन वेगळे समूह वापरतात. आणि समजा ती खरोखरच उपकंपनी निघाली, तरी तिचं कर्ज पालक कंपनीनं फेडायचं बंधन नसतं. पालक कंपनीनं लेखी हमी दिली असेल तरच तिच्याकडे मागता येतं. एजंटकडे हमीपत्राची प्रत मागा.

पार्लेकर, तुमच्यासाठी. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर कंपनीची फुकट दिसणारी माहिती काढलीत तर भागधारक कळत नाहीत. शंभर रुपये भरून कागदपत्रं उघडा आणि त्या कंपनीचं वार्षिक विवरण, म्हणजे MGT-7, बघा. त्यात पालक, उपकंपनी आणि सहयोगी कंपन्यांची यादी टक्केवारीसह असते. मग उलट बाजूनं पालक कंपनीच्या ताळेबंदासोबतचा AOC-1 बघा. त्याच्या पहिल्या भागात उपकंपन्या, दुसऱ्यात सहयोगी आणि संयुक्त उपक्रम. दोन्हीकडे एकच नातं दिसलं तर निर्धास्त लिहा. पालक कंपनी परदेशी असेल तर तिचा AOC-1 इथे मिळणार नाही, मग MGT-7 वरच भिस्त.

पार्लेकर: दोन्ही उघडले. थेट वाटा ४० टक्के दिसतो, पण पालक कंपनीच्या AOC-1 मध्ये नाव उपकंपन्यांत आहे. चूक असेल का?

फोर्टमधला सीएस: उरलेले भागधारक बघा. त्यात पालक कंपनीचीच दुसरी एखादी उपकंपनी आहे का?

पार्लेकर: आहे. तिच्याकडे १५ टक्के. आणि त्या उपकंपनीत पालक कंपनीचे ६०.

दादरची मीनल: मग १५ चे ६० टक्के म्हणजे ९. चाळीस आणि नऊ, एकोणपन्नास. तरीही निम्म्याच्या आतच!

फोर्टमधला सीएस: नफ्यातला वाटा काढायला तुमचा हिशोब योग्य आहे. पण इथे मोजायची ती मतं. उपकंपनीच्या हातातली मतं पालक कंपनीचीच धरतात, पूर्ण १५. एकूण ५५ झाले, म्हणून उपकंपनी. मधली कंपनी नुसती सहयोगी असती, तर तिचे १५ धरले नसते आणि ४० वर ही सहयोगीच राहिली असती.

तारीखही बघा. MGT-7 मधलं चित्र ३१ मार्चचं असतं. आयसीआयसीआय लोम्बार्डनं २०२१ मध्ये भारती ॲक्साचा सर्वसाधारण विमा व्यवसाय घेऊन बदल्यात नवे शेअर्स दिले आणि बँकेचा वाटा निम्म्याच्या खाली आला. २०२४च्या फेब्रुवारीअखेर बँकेनं तो पुन्हा वर नेला आणि लोम्बार्ड परत उपकंपनी झाली. कंपनी सूचीबद्ध असेल तर बीएसईवर दर तिमाहीचा भागधारणा तक्ता मिळतो, तो ताजा असतो.

दादरची मीनल: आमच्या ऑफिसात अडलेलं एक प्रकरण सांगते. एकाकडे ५१, दुसऱ्याकडे ४९, पण वार्षिक बजेट आणि सीईओची नेमणूक दोघांच्या सहीशिवाय होत नाही. हिला काय म्हणायचं?

फोर्टमधला सीएस: मतांच्या हिशोबानं कायद्यात उपकंपनी. हिशेबाच्या मानकांत, म्हणजे इंड एएसमध्ये, मात्र एकट्याचं नियंत्रण नाही म्हणून संयुक्त उपक्रम धरतात, आणि मग तिची विक्री पालक कंपनीच्या एकत्रित विक्रीत मिळवत नाहीत, फक्त नफ्यातला वाटा एका ओळीत येतो. भागधारकांचा करार सहसा बाहेर मिळत नाही, पण नकाराधिकार नियमावलीत लिहिलेले असले तर एमसीएवर वाचता येतात.

गिरगावचा ऑडिटर: सीएससाहेब, सरसकट नाही. नकाराधिकार फक्त कंपनी बंद करण्यासारख्या क्वचितच्या गोष्टींवर असेल, तर तो केवळ बचावाचा हक्क, नियंत्रण ५१ वाल्याचंच. बजेटवरचा हक्क नुसता एकदा 'नाही' म्हणण्याचा आहे की खरोखर अडवून धरण्याचा, तेही बघावं लागतं. मतभेद झाले तर जुनंच बजेट पुढे चालू राहील असं कलम आहे का, मीनल?

दादरची मीनल: आहे बहुतेक. उद्या फाइल काढून सांगते.

पार्लेकर: मी सध्या 'उपकंपनी' लिहितो आणि खाली ताळेबंदाची तारीख देतो.