कवितेच्या डोक्यावरचे अवतरण: आधी वाचावे की झाकून ठेवावे?

सांगलीवाडीचा वाचक: आम्ही पाच-सहाजण दर रविवारी विश्रामबागेत एकत्र बसून एखादी कविता वाचतो. मागच्या वेळी टी. एस. एलियट या इंग्रजी कवीच्या प्रुफ्रॉकवरच्या कवितेला हात घातला आणि पहिल्या ओळीपर्यंत पोहोचण्याआधीच वाद झाला. वर इटालियनमधल्या सहा ओळी आहेत. एकाचे म्हणणे, त्यांचा अर्थ आधी समजून घ्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, त्या कागदाने झाकून कविता वाचावी. तुम्ही कोणत्या बाजूचे?

माहुलीकर: मी झाकण्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण त्या सहा ओळींमध्येच आहे. त्या इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यातल्या, नरकखंडाच्या सत्ताविसाव्या सर्गातल्या आहेत; त्यात दान्ते स्वतः जिवंतपणी नरकातून फिरतो. ग्वीदो दा मोंतेफेल्त्रो हा सरदार एका ज्योतीत कोंडलेला आहे. ज्योतीचे टोक हलते तेव्हाच त्याचा आवाज बाहेर येतो. दान्ते त्याला नाव विचारतो, तेव्हा तो सांगतो की ऐकणारा पुन्हा जगात परतणार आहे असे वाटले असते तर ही ज्योत हललीच नसती. पण या खोल जागेतून जिवंत कोणी परतल्याचे ऐकिवात नाही, म्हणून बदनामीची भीती न बाळगता मी बोलतो. त्याचा अंदाज चुकतो, कारण दान्ते परततो आणि सगळे लिहून काढतो.

आता कवितेची पहिली ओळ पाहा. ‘चल तर मग, तू आणि मी’ अशा अर्थाची ती ओळ आहे. अवतरण झाकले तर हा ‘तू’ सोबत फिरायला निघालेला मित्र किंवा प्रेयसी वाटतो, कारण शीर्षकात प्रेमगीत हा शब्द आहे. अवतरण वाचलेले असेल तर ‘तू’ म्हणजे ज्याच्याजवळ बोलले तरी बाहेर फुटणार नाही असा माणूस, म्हणजे दान्तेच्या जागी बसवलेला वाचक. पुढे प्रुफ्रॉक टक्कल, चहाचे कप आणि न विचारलेला प्रश्न यांविषयी जे बोलतो, ते चारचौघांत कोणी बोलणार नाही. तो आपल्याजवळ का बोलतो, याचे उत्तर त्या सहा ओळींनी आधीच देऊन ठेवले आहे. त्या झाकणे म्हणजे कवितेचा एक भाग गाळून वाचणे होय.

आणखी एक गोष्ट. कवीच्या वहीतल्या आधीच्या खर्ड्यावर हे अवतरण नव्हते. तेथे त्याच महाकाव्याच्या शुद्धिखंडातल्या सव्विसाव्या सर्गाच्या शेवटच्या ओळी होत्या, ज्यांत आर्नो दानिएल हा कवी ‘माझ्या वेदनेची आठवण ठेवा’ असे विनवून, शुद्ध करणाऱ्या अग्नीत दिसेनासा होतो. ती आग जाळून निर्मळ करते आणि तेथून सुटका आहे. ग्वीदोच्या ज्योतीतून मात्र कोणाचीच सुटका नाही. १९१५ मध्ये कविता छापली गेली तेव्हा वर ग्वीदो आला होता. आधीचेच अवतरण राहिले असते तर आपण प्रुफ्रॉकला पश्चात्तापाच्या वाटेवरचा माणूस समजून वाचले असते.

पेठेतला टीकाकार: माहुलीकर सर, आपला अभ्यास मान्य, पण झाकूनच वाचावे हा माझाच मुद्दा आपण सिद्ध केलात. अवतरण बदलल्याने माणूसच बदलतो, म्हणजे कविता स्वतःच्या पायावर उभी नाही. शिवाय मूळ इटालियन अनुवादाशिवाय छापलेले. ज्याला ते येत नाही त्याच्यापर्यंत फक्त ‘कवी फार वाचलेला आहे’ एवढीच बातमी पोहोचते. एलियटला ही खोडच होती. ‘वेस्ट लँड’ या त्याच्या दुसऱ्या कवितेवर, तिची काटछाट करून देणाऱ्या एझरा पाउंड या कविमित्राला केलेले अर्पण पाहा: ‘अधिक श्रेष्ठ कारागीर’. १९२२ च्या वाचकाला पहिल्या ओळीआधीच सांगून टाकले की यामागे कोणाचा हात आहे.

माहुलीकर: इटालियनबद्दल आपले बरोबर आहे. न कळणारा मजकूर वर दिसला की वाचक आधी दबतो, आणि दबलेला वाचक विनोद हसून वाचत नाही. प्रुफ्रॉकमध्ये विनोद पुष्कळ आहे. तेवढा तोटा मी मान्य करतो. अर्पणाबद्दल मात्र गल्लत झाली आहे. १९२२ च्या छापील पुस्तकावर ते नव्हते. एलियटने नंतर पाउंडला दिलेल्या प्रतीवर ते हाताने लिहिले, आणि छापले गेले ते १९२५ च्या संग्रहात. पहिल्या वाचकांनी कविता त्या अर्पणाशिवायच वाचली, आणि आज आपण ती कारागिराची सावली घेऊन वाचतो. गंमत अशी की ते शब्दही दान्तेच्या त्याच सव्विसाव्या सर्गातले आहेत, आणि तेथे ते आर्नो दानिएलविषयीच आहेत.

नाट्यवेडा, सांगली: १८४३ साली येथे विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हाही आधी सूत्रधार, मंगलाचरण आणि गणपती होतेच. कोणी ते झाकून नाटक पाहिले नाही.

पेठेतला टीकाकार: सूत्रधार प्रेक्षकांच्या भाषेत बोलत होता, एवढेच नम्रपणे सुचवतो.

नवा कवी, तासगाव: माझा पहिला संग्रह तयार आहे. अर्पणपत्रिका शीर्षकपानाच्या मागे घ्यावी की स्वतंत्र पानावर?

सांगलीवाडीचा वाचक: दादा, आपण पुस्तकाच्या अर्पणाबद्दल विचारता आहात; येथे एकाच कवितेवरच्या ओळीचा विषय चालला आहे. तरीही, स्वतंत्र पान घ्या.

कृष्णाकाठची: मी माझाच अनुभव सांगते, कारण मला झाकण्याचा फायदा झाला आहे. २०१९ च्या पुरानंतर मी चार ओळी लिहिल्या:

*भिंतीवर अजून ती रेघ आहे,*
*तिच्या वर तुझा फोटो, तिच्या खाली काहीच नाही.*
*मी रोज सकाळी*
*त्या रेघेपर्यंतच घर झाडते.*

वर ‘ऑगस्ट २०१९, कृष्णाकाठच्या शेजाऱ्यांस’ असे होते. ज्यांनी वाचली त्या सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली: पाणी जेथपर्यंत चढले ती चिखलाची रेघ. पुढे एका दिवाळी अंकात ती अर्पणाची ओळ गळून कविता छापली गेली आणि मी चिडले. मग एका अनोळखी बाईंचे पत्र आले. त्यांना ती रेघ लेकराची उंची मोजताना पेन्सिलीने ओढलेली वाटली होती. त्यांचा मुलगा आता नाही. माझ्या अर्पणाच्या ओळीने हा अर्थ आत येऊच दिला नसता.

पेठेतला टीकाकार: ताई, याहून मोठा पुरावा मला नको.

माहुलीकर: मला मात्र हा पुरावा उलट बाजूचाही वाटतो. त्या बाईंचे वाचन खरे आहे, पण पाण्याने ज्यांचे घर गेले त्या शेजाऱ्यांची कविता त्यातून नाहीशी झाली, आणि ती आपण त्यांच्यासाठीच लिहिली होती. शाळेच्या पुस्तकातल्या ‘प्रस्तुत कवितेतून कवीने…’ या परिच्छेदाने कविता वाचण्याआधीच संपते, हे मला वर्गात रोज दिसत असे. म्हणून इतरांनी वर चिकटवलेले झाकावे, या मताचा मी आहे. कवीने स्वतः ठेवलेले मात्र उघडे असावे.

कृष्णाकाठची: संग्रहात मी ती ओळ कवितेच्या वर न ठेवता खाली टाकायचे ठरवते आहे. आधी रेघ दिसेल, मग पूर.

माहुलीकर: खाली गेली की ती अर्पण न राहता उत्तर होईल, आणि त्या बाईंना आपले वाचन चुकले असे वाटेल. त्यावर काय करावे, हे मला सुचत नाही.

सांगलीवाडीचा वाचक: या रविवारी तिघे झाकून आणि तिघे उघडे ठेवून वाचणार आहोत. ‘तू’ कोण, एवढे प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर लिहायचे. शीर्षक झाकायचे की नाही, यावर मात्र अजून भांडण सुरू आहे.